वहिनी, हे तुम्ही बोललात?

रविवारी सकाळी धाकट्या दिरांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न. "वहिनी, हे तुम्ही बोललात?"

मला आधी काही कळेना. मग त्यांनी फोनवरच मला माझा आवाज ऐकवला. "ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, अर्थ कळला की झालं. शुद्धलेखन हा शिक्षकांनी मुलांवर लादलेला जाच आहे." आवाज माझाच होता. खणखणीत, अगदी पहिल्या तासाला असायचा तसा. ज्या वहिनीने आयुष्यभर सगळ्यांच्या पत्रांतल्या वेलांट्या तपासल्या, तिचा हा साक्षात्कार ऐकून बिचारे हबकले होते.

तर झालं होतं असं. फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने, मोहन्यातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींपुढे मी शुद्धलेखनावर बोलले. सगळं मिळून बावन्न मिनिटं. नातीने फोन तिपाईवर लावून ते चित्रित केलं आणि यूट्यूबवर चढवलं. पाहणारे किती, तर घरातले धरून तीसेक. माझे जुने विद्यार्थी आता कुठे कुठे पांगले आहेत. २००९ मध्ये एनआरसी कंपनी बंद पडली आणि पुष्कळ घरं मोहने सोडून गेली. ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत. लोकलमध्ये उभ्याने फोन बघतात, बावन्न मिनिटं कुठली देणार? म्हणून नातीने ठरवलं की त्याचे उभे तुकडे करायचे. शॉर्ट्स म्हणतात ते. पूर्वी यूट्यूबवर ते जास्तीत जास्त एका मिनिटाचे असत, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात. तिने एका संध्याकाळी नऊ तुकडे काढले, मला न दाखवता कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, आणि रविवारी दिरांचा फोन आला.

तिचा दोष नव्हता हो. पहिल्यांदा मी चिडले हे खरं, पण मग तो भाग मूळ भाषणात पुन्हा ऐकला. माझं वाक्य असं होतं: "…जाच आहे", मग दोन सेकंद थांबणं, आणि मग "असं मला नेहमी ऐकवलं जातं." पुढे तीन-चार मिनिटं मी त्या म्हणण्याचं खंडन केलं होतं. कापणाऱ्याला शिकवलेलं असतं की कात्री श्वासावर लावायची, शब्दावर नाही. ती तिने अगदी बरोबर लावली. श्वास नेमका चुकीच्या जागी होता, कारण भाषणाची म्हणून एक लकब असते, की समोरच्याचं म्हणणं जोरात मांडायचं, सभेला क्षणभर अस्वस्थ करायचं आणि मग पलटवायचं. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. आपल्याकडे हे जुनंच आहे.

पण मला त्यात एक गोष्ट नवीन दिसली, आणि व्याकरण शिकवण्यात जन्म गेला तरी ती कधी अशी दिसली नव्हती. मराठीत वाक्याचा मालक शेवटी येतो. दुसऱ्याचं म्हणणं आपण आधी पूर्ण सांगतो आणि "असं तो म्हणतो" हे नंतर जोडतो. नकारही तसाच. "शुद्धलेखन म्हणजे केवळ पाठांतर आहे असं मला वाटत नाही" या वाक्यातला 'नाही' हा अगदी शेवटचा शब्द. "आहे"वर कात्री चालली की मी नेमकी उलटी बाजू घेऊन उभी! समोर बसलेल्या माणसाला माझा चेहरा, हात, आवाजातली खोच दिसते. तो शेवटापर्यंत थांबतो. फोनवरचा माणूस दहा सेकंदांत बोटाने मला वर ढकलून देतो.

मग मी नातीला म्हटलं, आता कापायच्या आधी कागदावर काम करायचं. तिने डोळे फिरवले, पण बसली. मी भाषण थांबत थांबत ऐकून एका वहीत उतरवून काढलं, डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे वाक्य. तीन दिवस गेले. मग लाल पेनने (सवय!) जिथे जिथे 'हे', 'तो', 'मघाशी सांगितलं तसं', 'वरचा नियम' असे शब्द आले तिथे गोल केले. हे सगळे शब्द तुकड्याबाहेरच्या कशाकडे तरी बोट दाखवतात. एका तुकड्यात असे गोल तीनाहून जास्त निघाले तर तो तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, असा आम्ही नियम केला. नऊपैकी चार तिथेच गळाले.

दिरांना हादरवणारा तुकडा मात्र मला ठेवायचा होता, कारण तो आक्षेप खरोखर सगळे घेतात. आधी वाटलं, सुरुवातीला "एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो" एवढं वाक्य घरी नव्याने बोलून जोडावं. बोलले. पण सभागृहात आवाज घुमतो आणि आमच्या स्वयंपाकघरात नाही. जोड लगेच कानाला टोचत होता. मग नातीने वरच्या बाजूला पट्टी टाकली, 'लोक म्हणतात', आणि उत्तर सुरू होताच ती बदलून 'माझं उत्तर' अशी केली. यांना ऐकवलं तर हे पेपर वाचत नुसते ऐकत होते. पट्टी बघितलीच नाही. म्हणाले, "तू असं म्हणालीस?"

शेवटी उपाय निघाला तो असा. उत्तराच्या मध्यात मी एक वाक्य बोलले होते: सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे दोरा, उकार बदलला की मुलाचा दोरा होतो. लोक हसले होते तिथे. ते वाक्य हसण्यासकट उचलून पहिल्या सात सेकंदांत ठेवलं, मग आक्षेप, मग "असं मला ऐकवलं जातं" पूर्ण, मग दिन-दीन, पाणि-पाणी ही उदाहरणं. एक मिनिट पन्नास सेकंद. आता कोणी दहाव्या सेकंदाला सोडून गेला तरी माझी बाजू घेऊन जातो. वाक्यांचा क्रम बदलणं मला आधी लबाडी वाटत होती. मी एवढीच अट घातली की सांधा लपवायचा नाही. तिथे अर्धा सेकंद कोरी पाटी दिसते, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी कापलंय.

दुसरा घोटाळा याहून गंभीर होता, आणि तो कळायला दोन आठवडे लागले.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आपल्याला ठाऊक आहेत. १९६२ मध्ये शासनाने मान्य केले ते चौदा, १९७२ मध्ये आणखी चार, असे अठरा. त्यातला मुलांना हमखास अडवणारा म्हणजे उपान्त्य अक्षराचा, शेवटून दुसऱ्याचा. ते दीर्घ असेल तर शब्दाला प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतं. तूप पण तुपात, मूल पण मुलाला, जमीन पण जमिनीला. हा तुकडा इतका छान जमला होता! चाळीस सेकंद, एकही लाल गोल नाही, शेवट टाळीवर.

आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. "बाई, तुमचा व्हिडिओ बघून लेकीची वही तपासली. तिने 'शरीराला' लिहिलं होतं, मी 'शरिराला' करून दिलं."

मुलगी बरोबर होती. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद आहेत. शरीर-शरीराला, गीत-गीतात, तिथे काही बदलत नाही. हे मी भाषणात सांगितलं होतं, पण चार मिनिटांनंतर, मध्ये एक किस्सा सांगून झाल्यावर. माझे लाल गोल इथे उपयोगी पडले नाहीत, कारण वाक्यात कशाकडे बोट नव्हतंच. बाहेरून तुकडा पूर्ण दिसत होता. त्याला काय कमी आहे हे विषय माहीत असलेल्यालाच कळणार, म्हणजे मलाच, आणि मी टाळीवर खूश होते.

त्याला लगेच फोन केला. वहीत परत 'शरीराला' करायला सांगितलं, आणि मुलीला फोन देऊन तिचं बरोबर होतं हे स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "पण आजी, बाबांनी पेनने खोडलंय."

तुकडा यूट्यूबवरून काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर जो पुढे गेला तो गेला, त्याला दोरी नाही. नव्या तुकड्यात नियम आणि अपवाद शेजारी शेजारी आणले. चार मिनिटांपूर्वीची मी आणि नंतरची मी, दोघींची मान वेगळीकडे, त्यामुळे चित्र मध्येच टुणकन उडी मारायचं. त्या उडीवर नातीने 'शरीर – शरीराला' एवढंच लिहिलेलं चित्र दोन सेकंद ठेवलं, आवाज माझा चालू. उडी झाकली गेली आणि शब्दही डोळ्यांना दिसला.

तो डोळ्यांना दिसणं फार गरजेचं होतं, कारण फळा तर गेलाच होता. आडव्या चित्रातून उभी पट्टी कापली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश हाती येतो. मी डावीकडे, फळा उजवीकडे. मी घेतली तर फळा नाही, फळा घेतला तर बाई नाहीत. "हे बघा" म्हणून मी हात करते आणि हात चौकटीबाहेर जातो. शेवटी दोन्ही स्वतंत्र कापून वर फळा, खाली मी, असं बसवलं. खडूची अक्षरं मोठी केल्यावर पुसट झाली, म्हणून त्यावर पुन्हा टाइप करावं लागलं. तेही स्क्रीनच्या अगदी तळाशी नाही, तिथे नाव आणि बटणं येतात. आणि पहिल्या फॉन्टमध्ये 'शुद्ध'मधला द्ध फुटून द् आणि ध वेगळे दिसत होते. शुद्धलेखनाच्या व्हिडिओत! नातीला ते दिसलं नव्हतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आता पाच तुकडे आहेत. प्रत्येकाखाली पूर्ण भाषणाचा दुवा आहे, आणि टाकण्याआधी प्रत्येक तुकडा शेजारच्या काकूंना ऐकवला जातो. त्या भाषणाला आल्या नव्हत्या. ऐकून झाल्यावर मी एवढंच विचारते, "मी काय म्हणाले?" त्यांनी सांगितलेलं आणि माझं जुळलं तर जातो, नाहीतर परत वहीकडे.

सहावा, अनुस्वारांचा, अजून अडकलाय. त्यात नियमाइतकेच अपवाद आहेत आणि तीन मिनिटांत बसत नाहीत. नात म्हणते दोन भाग करू. मी म्हणते, पहिला बघून दुसरा कोण बघणार? काल काकूंना पहिला भाग ऐकवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात की आता अनुस्वार द्यायचेच नाहीत."