चाळीस दिवस, चाळीस अध्याय

लखनौला बदली झाली तेव्हा छावणीत क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून जानकीपुरमला भाड्याने घर घेतलं. छावणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पीटीला वेळेवर पोचायचं तर पहाटे चारला उठावं लागतं. २०२५ चा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, मी याच घरात पाळला. नोकरी सांभाळून हे कसं जमतं, असं नगरकडचे नातेवाईक विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी मोजणी. राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि ईस्टर २० एप्रिलला. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत सेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपास नसतो.

आता वाचन. मार्कच्या शुभवर्तमानात सोळा अध्याय आहेत आणि लूकच्या चोवीस. बेरीज बरोबर चाळीस. राखेच्या बुधवारी मार्कचा पहिला अध्याय घ्यायचा आणि रविवार सोडून रोज एक वाचत जायचं. गंमत शेवटच्या आठवड्यात कळते. येशू यरुशलेमेत येतो तो लूकचा एकोणिसावा अध्याय सोमवारी येतो, शेवटचं भोजन गुरुवारी आणि वधस्तंभाचा तेविसावा अध्याय नेमका उत्तम शुक्रवारी. म्हणून एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय ओढायचे नाहीत. त्या तारखेचा अध्याय उघडायचा आणि पुढे चालायचं, नाहीतर शुक्रवार हुकतो. लूकचा पहिला अध्याय ऐंशी ओव्यांचा आहे. तो अर्धा पहाटे, अर्धा रात्री वाचावा.

उपास बुधवारी आणि शुक्रवारी. हे दोन वार पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांपासून चालत आले आहेत. मी पीटीनंतर एक केळं आणि लिंबूपाणी घेतो, दुपारचं जेवण सोडतो आणि संध्याकाळी वरण-भाकरी खातो. पाणी कधीच तोडत नाही. फायरिंग असेल किंवा लांब गाडी चालवायची असेल तर उपास दुसऱ्या दिवशी करतो, कारण माझ्या भोवळीची किंमत दुसऱ्याने मोजू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण सोडू नये, त्याऐवजी रात्रीचा मोबाईल सोडावा. उपास बिघडतो आहे हे पोटाआधी जिभेवरून कळतं. दुपारी ऑर्डर्लीवर आवाज चढू लागला की दोन घास खाऊन घ्यावेत.

त्या वर्षी होळी १४ मार्चला, शुक्रवारीच आली. युनिटमध्ये बडाखाना होता. जवानांबरोबर बसून साहेबाने ताट रिकामं ठेवलं, तर तो उपास न राहता जाहिरात होते. म्हणून मी गुरुवारी उपास केला आणि शुक्रवारी गुजिया खाल्ली. त्या दिवशीचा अध्याय मार्कचा नववा होता. त्यात आजारी मुलाचा बाप येशूकडे येतो आणि शिष्यांना त्या मुलाला बरं करता येत नाही. असलं काम प्रार्थनेनेच होतं, असं येशू त्यांना सांगतो. काही जुन्या हस्तलिखितांत तिथे ‘उपास’ हा शब्दही आहे, काहींत नाही. प्रार्थना मात्र सगळ्यांत आहे.

तेव्हा मुख्य गोष्ट मध्यस्थीच्या प्रार्थनेची. तिची रीत दुसऱ्याच दिवशी, मार्कच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उकरतात आणि त्याला खाली सोडतात. तो माणूस स्वतः काहीच मागत नाही. आम्हा सैनिकांना हे लगेच समजतं. ज्याला चालता येत नाही त्याला उचलायचं, एवढंच काम. म्हणून वाचन झालं की दिवा मंद करून दहा मिनिटं बसतो. रोज एकच नाव. ते मनात धरायचं आणि त्याचं काय व्हावं हे देवाला शिकवत बसायचं नाही. सोमवारी घरचं माणूस, मंगळवारी युनिटमधला, बुधवारी आजारी, गुरुवारी ज्याच्याशी पटत नाही तो. शनिवारी आमच्या गेलेल्या एका जवानाची आई.

शुक्रवार सगळ्यात जड. त्या दिवशी मी पलीकडच्या माणसासाठी बसतो. त्याचं नाव मला माहीत नाही. चौकीवर असताना दुर्बिणीतून त्याला चहा पिताना पाहिलं आहे. वेळ आली तर मी त्याच्यावर गोळी चालवीन आणि तोही माझ्यावर चालवील. प्रार्थनेने माझी ड्यूटी बदलत नाही. पण त्याचा द्वेष करायचा की नाही, हे कुठल्याच हुकमात लिहिलेलं नसतं. ते मला ठरवावं लागतं. उत्तम शुक्रवारी, १८ एप्रिलला, तेविसावा अध्याय वाचला. त्यात वधस्तंभावरचा येशू आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. नंतरची दहा मिनिटं मी नेहमीच्याच माणसासाठी बसलो.

शनिवारी काहीच वाचलं नाही. चोविसावा अध्याय ईस्टरच्या पहाटेसाठी राखून ठेवायचा असतो.