दोष लिहिणाऱ्या ओळीचा

नव्या सहकाऱ्याचा व्हेरिलॉग कोड तपासायला आला की मी आधी क्लॉकवर चालणारे `always` ब्लॉक उघडते आणि त्यांत कुठे साधं `=` आहे का ते शोधते. `=` म्हणजे ब्लॉकिंग, `<=` म्हणजे नॉनब्लॉकिंग, हे सगळ्यांना पाठ असतं. क्लॉकच्या ब्लॉकमध्ये नॉनब्लॉकिंग वापरा, हा क्लिफर्ड कमिंग्स यांनी २००० सालच्या निबंधात ठासून मांडलेला नियमही माहीत असतो. पण दोन्हींची सरमिसळ झाली तर नेमकं काय बिघडतं, हे विचारल्यावर उत्तर अडखळतं. ते कळायला दोन ओळी पुरतात.

```verilog
always @(posedge clk) a = d;
always @(posedge clk) b <= a;
```

समजा `d` एक आहे, `a` आणि `b` शून्य आहेत. क्लॉकची एज आली की दोन्ही ब्लॉक एकाच क्षणी चालायला तयार होतात. त्यांतला आधी कोणता चालवायचा, हे आयईईई १३६४ या प्रमाणाने ठरवून दिलेलं नाही. ते सिम्युलेटरवर सोडलं आहे. पहिला ब्लॉक आधी चालला तर `a` लगेच एक होतो, दुसरा ब्लॉक तो नवा एक वाचतो आणि `b` त्याच एजला एक होतो. दुसरा आधी चालला तर तो जुना शून्य वाचतो आणि `b` एक व्हायला पुढची एज उजाडावी लागते. दोन्ही उत्तरं भाषेच्या नियमांत बसतात. हीच रेस.

दुसऱ्या ओळीत `<=` असूनही हे का होतं? कारण नॉनब्लॉकिंगचं काम दोन टप्प्यांत होतं. उजवी बाजू ब्लॉक चालतो त्याच वेळी वाचली जाते. डाव्या बाजूत किंमत भरणं मात्र त्या क्षणाची बाकी सगळी कामं उरकेपर्यंत लांबवलं जातं. हे लांबवणं `b` वाचणाऱ्यांना सांभाळतं. `b` स्वतः `a` कधी वाचतो, यावर त्याचा काहीच परिणाम नाही. `a` ज्या ओळीत लिहिला जातो तिथे `<=` असेल तरच `a` वाचणारे सगळे सुरक्षित राहतात. खुणा उलट करून पाहा: `a <= d` आणि `b = a`. आता कोणताही ब्लॉक आधी चालो, `b` ला जुनाच `a` मिळतो. पण तिसऱ्या कुठल्या क्लॉकच्या ब्लॉकने `b` वाचला की तिथे नवी रेस उभी राहते.

ही रेस फार दिवस लपून राहू शकते, आणि मला तिची धास्ती वाटते ती यामुळेच. सिंथेसिसमध्ये वरच्या दोन ओळींचे दोन फ्लॉप बनतात, चिन्ह कुठलंही असो. सिम्युलेटरही सहसा दर वेळी त्याच क्रमाने चालतो, त्यामुळे टेस्ट पास होत राहतात. मग कधीतरी फाइलींचा क्रम बदलतो, सिम्युलेटरची नवी आवृत्ती येते किंवा ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलतो, आणि डेटा एक क्लॉक आधी पोहोचू लागतो. वेव्हफॉर्ममध्ये एकामागून एक उठायला हवेत असे दोन सिग्नल एकाच एजला उठताना दिसले, तर संशय घ्यायला हरकत नाही. ब्लॉकची अदलाबदल करून पाहावी. निकाल बदलला तर रेस सापडली. बदलला नाही म्हणून ती नाहीच असं मात्र समजू नये.

काही जण अशा वेळी `#0` टाकून मोकळे होतात. त्याने ती ओळ त्याच क्षणाच्या रांगेत थोडी मागे जाते. दुसऱ्या कोणीही तेच केलं की क्रमाचा प्रश्न पुन्हा तसाच. हा उपाय मी कोडमध्ये राहू देत नाही.

टेस्टबेंचकडे तर कोणी या नजरेने बघतच नाही. `@(posedge clk)` नंतर `d = 1;` लिहिलं की टेस्टबेंचही त्याच शर्यतीत उतरतं: डिझाइनने जुना `d` घेतला की नवा, हे सांगता येत नाही. तिथे `d <= 1;` लिहावं, किंवा इनपुट `negedge` वर बदलावेत.

क्लॉकच्या ब्लॉकमधलं प्रत्येक `=` गुन्हेगार नसतं. मधला हिशेब ठेवणारी एखादी तात्पुरती किंमत ब्लॉकिंगने भरून त्याच ब्लॉकमध्ये पुढे वापरली, तर एका ब्लॉकमधल्या ओळी लिहिलेल्या क्रमानेच चालत असल्याने रेस होत नाही. फक्त ते नाव त्या ब्लॉकबाहेर कोणी वाचता कामा नये. म्हणून कोड तपासताना असं `=` दिसलं की डावीकडचं नाव उचला आणि ते आणखी कुठे वाचलं जातं, हे सगळ्या फाइलींत शोधा.