चार पत्ते आणि आर्वीची बस

अहो, थांबा! आधी एक कागद घ्या, त्याचे चार तुकडे करा! मी तर्कशास्त्र शिकलेली नाही, मानसशास्त्र तर नाहीच, पण कालपासून मला चैन नाही!

तुकडे टेबलावर ठेवा. वर दिसतंय: अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम अंक असलाच पाहिजे. नियम खरा आहे का हे बघायला कोणते पत्ते उलटायचे? फक्त लागतील तेवढेच!

मी म्हटलं, अ आणि 4. चूक! तुम्हीही तेच म्हणालात ना? 4 च्या मागे क निघाला तरी काय बिघडलं? सम अंकामागे स्वरच हवा, असं नियम म्हणतच नाही! अ बरोबर, पण दुसरा उलटायचा तो 7, कारण त्याच्या मागे स्वर निघाला की नियम मोडला! पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1966 साली हे कोडं मांडलं, आणि शंभरात जेमतेम दहा जणांना ते सुटतं!

आणि मग 1982 साली ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना तसाच नियम बिअर आणि वय घालून दिला, आणि शंभरात जवळजवळ पाऊणशे मुलांनी तो बरोबर सोडवला! आता आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, इथे बिअर कुठून आणू? मग मी एसटीत शिरले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, हे इथे सगळ्यांना पाठ! पत्त्यांवर लिहिलं: ‘फुकट’, ‘पूर्ण तिकीट’, ‘वय 80’, ‘वय 40’. नियम: फुकट बसला तर वय 75 च्या वर हवं. आणि मग ते आईपुढे ठेवले. आई आर्वीच्या बसने आयुष्यभर फिरलेली, आणि अ-4 वर माझ्यासारखीच फसलेली! पण या वेळी पोळी लाटता लाटता म्हणाली, “फुकटवाला पाह्य, अन् चाळीसवाला पाह्य. ऐंशीच्या म्हाताऱ्यानं पैसे दिले तं देऊ दे ना बाप्पा!”

अहो, ‘वय 80’ म्हणजे तोच 4! आणि ‘वय 40’ म्हणजे तोच 7! गणित तसूभर बदललं नाही!

मला वाटलं, ओळखीचं आहे म्हणून जमलं. तेही पुरतं खरं नाही! मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस यांनी 1989 साली लोकांना कधीच न ऐकलेल्या जमातीचा नियम दिला: कसावाचा कंद खायचा तर तोंडावर गोंदण हवं. तरीही बहुतेकांनी बरोबर पत्ते उलटले! त्यांच्या मते, फायदा घेऊन मोल न देणारा लबाड हुडकायची खास नजर आपल्या मेंदूत आहे. चेंग आणि होलिओक हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, लबाडच कशाला, कुठल्याही परवानगीच्या नियमात आपलं डोकं असंच चालतं. आणि तिसरं म्हणणं तर मला फार पटलं: अक्षरांच्या पत्त्यांत नियम खरा आहे का ते तपासायचं असतं, बसमध्ये तो कोण मोडतंय ते! प्रश्नच वेगळे!

आज घरी करून बघा. पण आधी अक्षरांचे पत्ते द्या, मग बसचे. उलट केलंत तर बसच्या पत्त्यांची शिकवणी अक्षरांच्या पत्त्यांना मिळू शकेल आणि गंमत जाईल!