गणपतीआधीच्या रविवारपर्यंत

डिसेंबर २०१५ मधली एक संध्याकाळ. पुण्यातल्या एका हॉटेलच्या काउंटरपाशी एक माणूस धडप्यात बांधलेली गुळाची ढेप घेऊन उभा होता. कृष्णाकाठच्या गावातून सकाळीच निघून, दोन एसट्या बदलून तो आला होता. कॉलेज सोडून वीस वर्षं झाल्यानिमित्त वर्गमित्रांचा मेळावा होता. काउंटरवरच्या मुलीनं यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "सर, यात तुमचं नाव नाही."

आत संगीत चालू होतं. त्यानं दोघांना फोन लावले. गोंगाटात कुणालाच ऐकू गेले नाहीत. अर्धा तास थांबून तो गुळासकट माघारी गेला. मेळावा घडवून आणणाऱ्यांना ही गोष्ट दोन दिवसांनी कळली.

त्याचं चुकलं काय होतं? निमंत्रण इंग्रजीत होतं आणि तळाशी चार अक्षरं होती, आर.एस.व्ही.पी. त्याखाली दोन मित्रांची नावं आणि फोन नंबर. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांत या अक्षरांखाली काका-मामांची नावं छापतात. त्यामुळे त्याला वाटलं, हे 'आपले नम्र'सारखंच काहीतरी असणार. ही अक्षरं म्हणजे 'कृपया उत्तर द्यावे' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बोलावलंय म्हणजे जायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं उत्तर दिलं नाही. यादी मात्र उत्तरांवरूनच झाली होती.

त्यानंतर दहा वर्षं तो कुणाच्या बोलावण्याला गेला नाही.

दोन भाषा, एकच निरोप

२०२५ साली तिसाव्या वर्षाचा मेळावा सांगलीतच करायचं ठरलं आणि निमंत्रण लिहायचं काम गावातच राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे आलं. ती शाळेत गणित शिकवते. ढेपेची गोष्ट तिच्या मनात सलत होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "या वेळी निमंत्रण मराठीत. आणि आधी मराठीत."

पण नुसतं मराठी पुरणार नव्हतं. वर्गात बेचाळीस जण होते आणि ते न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, लंडन, सिडनी, दुबई असे पांगलेले. दुबईवाला मूळचा केरळचा. वसतिगृहाच्या मेसमध्ये शिकलेली मराठी तो फर्डी बोलतो, पण वाचताना अडतो. न्यू जर्सीवालीचा नवरा अमेरिकन. सुट्टी कुठं घालवायची, हे ठरवताना त्यालाही निमंत्रण वाचायला हवं.

तिनं आधी आपल्या मराठी मजकुराचं ओळीओळीनं इंग्रजी केलं आणि ते दुबईला पाठवलं. तिकडून फोन आला, "अगं, 'सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह' असं लिहिलंयस. मी माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना घेऊन येऊ का?"

ती हसली, पण मुद्दा तिला पटला. मराठी पत्रिकेत हे शब्द जिव्हाळ्याचे असतात. ते शब्दशः कुणी घेत नाही. इंग्रजी वाचणारा मात्र ते शब्दशः घेतो. म्हणून दोन्ही मजकुरांत तिनं साधं लिहिलं, 'नवरा किंवा बायको, आणि मुलं'.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची होती. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत काय लिहायचं? 'आपण अवश्य यावे' लिहिलं तर मित्रांना वाटेल प्राचार्यांचं पत्र आलं. 'तू ये' म्हटलं तर ज्यांचा नवरा किंवा बायको प्रथमच भेटणार, त्यांना ते कसं वाटेल? तिनं 'तुम्ही सगळे' धरलं आणि 'यावे'च्या जागी 'या' लिहिलं.

इंग्रजी मजकूर मग दुबईवाल्यानं नव्यानं लिहिला. भाषांतर केलंच नाही. फक्त तारखा, ठिकाण, पैसे आणि उत्तराची मुदत या चार गोष्टी तंतोतंत तशाच ठेवायच्या, असं दोघांचं ठरलं. ते जमलं की नाही, हे पाहायला तिनं एक युक्ती केली. शेजारच्या आजोबांना मराठी मजकूर दिला आणि न्यू जर्सीवालीच्या नवऱ्याला इंग्रजी. दोघांना तेच पाच प्रश्न विचारले: केव्हा, कुठं, कोणी यायचं, पैसे किती, कधीपर्यंत कळवायचं?

चार उत्तरं जुळली. पैशांच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला. वर्गणी भरायची तारीख तिनं दोन्हीकडे १०/९ अशी लिहिली होती. आजोबांनी दहा सप्टेंबर सांगितली आणि अमेरिकेतल्या गृहस्थांनी नऊ ऑक्टोबर! तिकडे महिना आधी लिहितात. त्या दिवसापासून तिनं प्रत्येक तारखेत महिना अक्षरी लिहिला आणि सोबत वारही घातला. वार जुळला नाही की वाचणारा आपोआप थबकतो.

मुदत कोणती?

मेळाव्याची तारीख सहज ठरली, शनिवार, २७ डिसेंबर. परदेशातल्या बहुतेकांना नाताळची सुट्टी आणि इकडे पौष लागलेला. पौषात लग्नं नसल्यासारखीच, त्यामुळे खोल्यांसकट मंगल कार्यालय मिळालं.

उत्तराच्या मुदतीचा मात्र खूप विचार करावा लागला. आचारी म्हणाला, "ताई, पानांचा आकडा आठ दिवस आधी सांगितलात तरी चालेल." कार्यालयवाल्याला खोल्यांचा आकडा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा होता. विमानाची डिसेंबरअखेरची तिकिटं तर जितकी उशिरा काढावीत तितकी महाग. म्हणजे मुदत आचाऱ्याच्या सोयीची धरून चालणार नव्हतं. सगळ्यात आधी ज्याची गरज, त्याच्या मागे ती यायला हवी होती. तिनं ऑगस्टचा शेवटचा रविवार धरला, ३१ तारीख.

सासूबाईंनी कालनिर्णय पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी गौरी येतायत. कोण तुला उत्तर देत बसणार?"

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. म्हणून मुदत एक रविवार अलीकडे आली, २४ ऑगस्ट. मराठी मजकुरात 'गणपतीआधीचा रविवार' असं लिहिता आलं आणि ते कुणाला लक्षात ठेवावं लागलं नाही.

तारखेसोबत वेळही हवी होती. कॅलिफोर्नियातली २४ तारीख संपते तेव्हा सांगलीत सोमवारचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. सिडनीत मात्र रविवार इथल्यापेक्षा साडेचार तास आधीच संपतो. म्हणून 'भारतातले रात्रीचे ९' असं स्पष्ट लिहिलं आणि प्रत्येकाला निरोप पाठवताना त्याच्या गावची वेळ खाली जोडली. न्यू जर्सीला सकाळचे साडेअकरा, दुबईत संध्याकाळचे साडेसात.

शेवटी मराठी मजकूर असा झाला:

'मंडळी, तीस वर्षं झाली! शनिवार, २७ डिसेंबर २०२५ ला सकाळच्या नाश्त्यापासून रविवारच्या जेवणापर्यंत सांगलीत भेटायचं. नवरा किंवा बायको आणि मुलं यांना घेऊन या. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत, नुसत्या गप्पा. मोठ्या माणसामागे वर्गणी ३,००० रुपये, बुधवार, १० सप्टेंबरपर्यंत. वर्गणीची अडचण असेल तर मला एकटीला फोन करा, बाकी कुणाला कळणार नाही.

गणपतीआधीच्या रविवारपर्यंत, म्हणजे २४ ऑगस्टला भारतातले रात्रीचे ९ वाजेपर्यंत, मला उत्तर द्या. येणार असाल तरी द्या, नसाल तरी द्या. तीनच गोष्टी कळवा: येणार की नाही, किती जण, खोली हवी का. "बघतो" म्हणालात तर "नाही" धरीन, रागावणार नाही. मागून आलात तर जेवायला नक्की मिळेल, खोली मिळेलच असं नाही. उत्तर कुठल्याही भाषेत द्या, फोनवर दिलंत तरी चालेल. ते पोचल्याचं मी कळवीन. माझा निरोप आला नाही तर उत्तर पोचलं नाही असं समजा.'

इंग्रजीत ती चार अक्षरं कुठंच नव्हती. त्या जागी 'प्लीज रिप्लाय, यस ऑर नो' एवढंच होतं.

'बघतो' आणि मौन

निमंत्रण तिनं व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं नाही, एकेकाला पाठवलं. मागे गटात उत्तरं मागितली होती तेव्हा एकानं 'सॉरी, जमणार नाही' लिहिलं आणि पाठोपाठ पाच जण गळाले. तो नाही तर आपण तरी कशाला, असं होतं. शिवाय गटात विचारलेला प्रश्न कुणा एकाला विचारलेला नसतो, त्यामुळे वाचून सगळेच गप्प राहतात.

मुदतीच्या आठ दिवस आधी एकोणीस उत्तरं आली होती. तेव्हा तिनं उरलेल्यांना एकदा, फक्त एकदाच, आठवण केली. रविवारी संध्याकाळी आठपर्यंत आकडा चौतीसवर गेला. तेवीस होकार, सात नकार, चार 'बघतो'. उरलेले आठ जण गप्प. त्यांत कृष्णाकाठचा मित्रही होता. त्याला मराठी मजकूर कागदावर छापून पोस्टानं पाठवलेला होता.

साडेआठला फोन वाजला.

"मी बोलतोय. पत्र मिळालं. सारखं वाचतोय, पण फोन करू की नको, कळत नव्हतं."

"कर म्हणूनच तर लिहिलंय."

"ते 'नसाल तरी द्या' वाचलं आणि बरं वाटलं. मागं मला वाटलं होतं, नाव मुद्दामच घातलं नसेल."

तिला काय बोलावं सुचेना. शेवटी एवढंच म्हणाली, "नाही रे. आम्ही नीट विचारलंच नव्हतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोघं येतो. खोली नको, रात्री जाऊन पहाटे परत येतो, म्हशी आहेत. आणि ते पोचल्याचं कळवणार म्हणालीस ना? तेवढं कळव."

"अरे, आत्ताच तर बोललो आपण!"

"तरी कळव. लिहून."

तिनं फोन ठेवून लगेच निरोप लिहिला, 'उत्तर पोचलं. यादीत दोन नावं लिहिली.'

२७ डिसेंबरला कार्यालयाच्या दारात टेबल मांडून ती स्वतः यादी घेऊन बसली होती. चोवीस घरांतली एक्कावन्न नावं होती. 'बघतो' म्हणालेले दोघे अचानक उगवले. ते जेवले आणि रात्री गावातल्या मित्राच्या घरी झोपले. नऊच्या सुमाराला तो आला, मागे बायको, हातात धडप्यात बांधलेली ढेप. ती उठून उभी राहिली, तसा तो म्हणाला, "थांब. आधी यादीत बघ."

तिनं यादी फिरवून त्याच्यापुढे धरली. आपलं नाव त्यानं स्वतः वाचलं, बायकोचंही वाचलं, आणि मग ढेप टेबलावर ठेवली.