लघवीत साखर, रक्तात नाही

लघवीत साखर आढळली की घरात सगळे एकच म्हणतात, ‘शुगर झाली.’ आमच्या तीन वर्षांच्या भाच्याच्या बाबतीतही केशोरीत तेच झाले. लघवीच्या रिपोर्टवर साखरेपुढे दोन अधिक चिन्हे होती. पण रक्तातली साखर निघाली ९२. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. मग ही आली कुठून?

नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावले ते असे. मूत्रपिंड आधी रक्तातले पाणी, साखर, क्षार सगळे गाळून नळ्यांत सोडते. नळीचा पहिला भाग त्यातले कामाचे वेचून रक्तात परत पाठवतो. हा भागच निकामी झाला तर साखर, फॉस्फेट आणि अमिनो आम्ले लघवीवाटे वाहून जातात. गुइडो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाच्या नावाने याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात.

साखर जाते त्याने फारसे बिघडत नाही, अन्नातून ती भरून निघते. अमिनो आम्ले ही मुख्यतः खूण. खरे नुकसान फॉस्फेटचे, कारण हाडे त्यावरच घट्ट होतात. भाच्याचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. व्हिटॅमिन डीच्या पुड्या देऊनही फरक पडेना, कारण फॉस्फेट आत टिकतच नव्हते. सोबत बायकार्बोनेटही गळत असल्याने रक्त आम्लधर्मी झाले होते, आणि पोटॅशियम उतरले होते. रात्रीतून चार वेळा पाणी मागणे, सारखी लघवी, वाढ खुंटणे ही सगळी त्याचीच लक्षणे.

मग कारण शोधले. डोळ्यांच्या तज्ज्ञांना बुबुळावर बारीक चमकते कण दिसले. ते सिस्टिनचे. पेशीतून सिस्टिन बाहेर पडत नाही, साचत जाते, या आजाराला सिस्टिनोसिस म्हणतात. पांढऱ्या पेशींतील सिस्टिन मोजून निदान पक्के झाले. लहान मुलांतल्या फॅन्कोनीचे हे एक मोठे आनुवंशिक कारण. मोठ्यांना मात्र काही औषधांनीही हा त्रास होतो. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने झाल्याच्या नोंदी १९६३पासून आहेत.

घरात कुजबुज झाली, ‘आईच्या खाण्यात काही आले असेल.’ तसे नाही. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच हा आजार होतो. बहीण आणि मेहुणे चुलत नात्यातले. अशा लग्नात एकच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, आणि तसे असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. नात्याबाहेरच्या लग्नांतही हे घडते. म्हणून पुढच्या बाळाआधी दोघांनी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला.

आता भाचा फॉस्फेट दिवसातून अनेकदा थोडे थोडे घेतो, एकदम दिले तर जुलाब होतात. क्षाराचे औषध, पोटॅशियम आणि भरपूर पाणी चालू आहे. सिस्टिअमाइन साचलेले सिस्टिन कमी करते आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी होणे पुढे ढकलते, पण बिघडलेली नळी पूर्ववत करत नाही. म्हणून औषधे जन्मभराची.

मुलाच्या लघवीत साखर निघाली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. तिथे ती वाढलेली नसेल, तर फॉस्फेट आणि बायकार्बोनेट तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगावे.