सूट मुलींना नको, दुपारला द्या

प्रिय वहिनी,



कॉलेजच्या मुलींना सरसकट तीस टक्के सूट द्यायची आणि तसा फलक पार्लरच्या दारावर लावायचा, हा तुमचा बेत मला पटलेला नाही. कर्वेनगरात कमिन्स कॉलेज आणि मुलींची वसतिगृहं इतकी जवळ असताना त्या गिऱ्हाइकाकडे लक्ष जाणं साहजिक आहे. पण शनिवारी संध्याकाळी तुमच्या खुर्च्या तशाही भरलेल्या असतात. तेव्हा कमी दरात बसलेली मुलगी पूर्ण पैसे देणाऱ्या बाईची जागा अडवते. मंगळवारी दुपारी एक वाजता मात्र भाडं आणि पगार चालू असतात आणि खुर्ची रिकामी असते. म्हणून सवलत सोमवार ते गुरुवार, बारा ते चार एवढ्याच वेळेपुरती ठेवा, तीही कॉलेजचं ओळखपत्र पाहून. ओळखपत्राची अट काढू नका, कारण दुपारी येणाऱ्या गृहिणी आजही पूर्ण दर देतात.

हिशोब असा मांडून पाहा. हेअरकट पाचशेचा आहे आणि दुपारी विद्यार्थिनीला तो साडेतीनशेत दिला असं धरू. सामानाचे चाळीस आणि कट करणाऱ्या मुलीचं कमिशन शंभर गेलं, की हातात दोनशे दहा उरतात. मुलगी खरोखर नवी असेल, तर हे दोनशे दहा निव्वळ जास्तीचे. पण ती आधी संध्याकाळी पाचशे देऊन जात असेल आणि आता दुपारी सरकली असेल, तर दीडशे गेले. म्हणजे बारा बिलांत पाच नव्या आणि सात जुन्या असल्या, तर मिळवलेले एक हजार पन्नास आणि घालवलेले एक हजार पन्नास बरोबरीत सुटतात. पाचाच्या खाली आकडा गेला की योजना तोट्यात. हे कळायला वहीत प्रत्येक दुपारच्या बिलापुढे ‘नवी’ किंवा ‘जुनी’ एवढंच लिहायचं. दुपार गजबजलेली दिसते म्हणून समाधान मानू नका.

सूट कोणत्या कामावर द्यायची, तेही यातूनच ठरतं. हेअरकट, थ्रेडिंग, ब्लो-ड्राय यांत खर्च मुख्यतः हाताचा आणि वेळेचा. ग्लोबल कलर किंवा केराटिनमध्ये सामानच महाग, आणि खुर्चीही दोन-तीन तास अडते. बारा ते चारमधून तीन तास गेले तर उरलं काय? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, पण सामानावर भरलेल्या कराची वजावट गेली. जीएसटी भरणाऱ्या पार्लरला तो कर आता खर्चातच धरावा लागतो. कलरवर सूट देणं म्हणजे पदरचे पैसे घालणं.

तुम्ही म्हणाल, स्टाफ कुरकुरेल. कुरकुरणारच, कारण कमी बिलावर कमिशन कमी, आणि त्यात दुपारची जेवायची वेळ. मग कट घाईत उरकला जातो आणि ती मुलगी मैत्रिणींना नेमकं तेच सांगते. म्हणूनच वरच्या हिशोबात मी कमिशन साडेतीनशेवर नाही, पाचशेवर वीस टक्क्यांनी धरलं आहे. सूट मालकिणीने सोसायची, कारागीर मुलीने नाही. दुसरा आक्षेप असा, की या मुली शिकून निघून जातात. जातात, पण इंजिनिअरिंगची चार वर्षं हा काही थोडा काळ नव्हे. खरी अडचण वेगळीच आहे: परीक्षा आणि मे महिन्याच्या सुट्टीत वसतिगृहं ओस पडतात. मेमध्ये लग्नसराईची गिऱ्हाइकं असतात, तेव्हा योजना सरळ बंद ठेवावी.

कॉलेजशी टाय-अप करायचा विचार असेल, तर त्याच्या कार्यालयात अर्ज घेऊन खेटे घालण्यात अर्थ नाही. गॅदरिंगची मुलं स्पॉन्सरशिप मागायला येतील, स्टेजवर बॅनर लावू म्हणतील. रोख देऊ नका. त्याऐवजी नाटक-नाचातल्या मुलींची हेअरस्टाइल करून देऊ म्हणा, कारण तिथे तुमचं काम लोकांना दिसतं. बाकी वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि मेस चालवणाऱ्या काकू यांच्याकडे कूपन ठेवा, प्रत्येकीकडे वेगळ्या रंगाचं. कोणत्या रंगाची कूपनं परत येतात आणि ती घेऊन आलेल्या किती मुली दोन महिन्यांत दुसऱ्यांदा येतात, ते पाहा. एकदाच येऊन गेलेल्या मुली फक्त कूपनच्या होत्या.

नोकरी करणाऱ्यांना मात्र यात ओढू नका. हिंजवडीला जाणारी मुलगी दुपारी येऊच शकत नाही, आणि तिची अडचण पैशांची नसून वाट पाहण्याची आहे. तिच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस सकाळी आठला दार उघडा, वेळ आधी ठरवून घ्या आणि दर पूर्ण लावा. सकाळी येणाऱ्या स्टाफला त्या दिवशी संध्याकाळी लवकर सोडावं लागेल; ते कोणाला जमेल, एवढं आधी विचारून घ्या.

दादाला नमस्कार सांगा.

तुमची,
नणंद