सूर्यनमस्कार आणि मनगट

रथसप्तमीच्या आधी महिनाभर इंदूरच्या आमच्या घरी सगळे पहाटे सूर्यनमस्कार घालतात. यंदा आठवड्याभरात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कंबर ठीक आहे हो, पण मनगट असं दुखतं की तवा उचलवत नाही." ऐकणाऱ्यांना नवल वाटलं, कारण सूर्यनमस्कार म्हटलं की आपण पाठीचा आणि पोटाचाच विचार करतो.

अंग गरम करायला नमस्कार चांगला, याचं कारण सरळ आहे. मांड्या, पोट, खांदे असे मोठे स्नायू एकापाठोपाठ कामाला लागतात, त्यामुळे श्वास आणि नाडी हळूहळू वाढते. पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो, खुबे मिटतात आणि उघडतात. मात्र कण्याला पीळ बसत नाही आणि कंबर बाजूला झुकत नाही. बॅडमिंटन खेळायचं असेल तर या दोन हालचाली वेगळ्या कराव्या लागतात.

आता मनगटाकडे वळू. बारा स्थितींच्या नमस्कारात तिसऱ्या ते दहाव्या स्थितीपर्यंत तळवे जमिनीवर असतात. खरा भार येतो पाचव्या स्थितीत, म्हणजे दोन्ही पाय मागे नेऊन शरीर फळीसारखं ताठ धरतो तेव्हा. मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळलेलं असतं आणि वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. वहिनींचं वजन ६० किलो, म्हणजे एकेका हातावर २० किलो. तिथून साष्टांगात उतरताना तो भार आणखी वाढतो. पर्वतासनात कंबर वर गेली की तो बराचसा पायांकडे सरकतो.

म्हणजे एरवी लाटणं-पोळपाटाला सरावलेलं मनगट सकाळी थंड असतानाच हे ओझं उचलतं. वहिनी पहिल्या दिवसापासून सलग चोवीस नमस्कार घालत होत्या, तेही सगळा भार तळव्याच्या मनगटाकडच्या टोकावर ठेवून.

आम्ही तीन बदल केले. आधी दोन मिनिटं मनगटं गोल फिरवायची आणि ओट्यावर तळवे टेकून हलका भार द्यायचा. पाचव्या स्थितीत गुडघे टेकायचे, म्हणजे हातांवरचा भार निम्म्याच्या आसपास येतो. बोटं पसरून त्यांच्या मुळांनी जमीन दाबायची. संख्या सहावर आणली आणि पहिले दोन नमस्कार अगदी सावकाश. दोन आठवड्यांनी तवा पुन्हा त्यांच्या हातात आला.

मनगटाच्या पाठीवर टोचल्यासारखं दुखलं तर तो स्नायूंचा ताण नव्हे, सांध्याची तक्रार आहे. बोटांना मुंग्या आल्या किंवा सूज दिसली तर थांबून डॉक्टरांना दाखवावं.

कंबरेसाठी एवढंच: भुजंगासनात कमरेत कळ येत असेल तर कोपरं थोडी वाकवा आणि छाती कमी उचला. गुडघा दुखरा असेल तर चौथ्या आणि नवव्या स्थितीत त्याखाली घडी घातलेली सतरंजी ठेवा.